द्राक्षबागेच्या मांडवाचे काम दोघांनी सुरू करायचे आहे: प्रोप्रायटरशिप, भागीदारी की प्रायव्हेट कंपनी?

द्राक्षमांडव
नमस्कार मंडळी. मी नऊ वर्षांपासून अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. माझा बालमित्र, ज्याला मी इथे नुसते भाऊ म्हणतो, दिंडोरी आणि निफाडच्या बागांमध्ये मांडव उभारण्याची कामे घेतो. अँगल रोवणे, तारा ताणणे आणि वर प्लास्टिकचे आच्छादन चढवणे हे सगळे त्याच्या हाताचे काम आहे. अवकाळी पाऊस आणि गारपिटीच्या धास्तीने आच्छादनाची विचारणा वाढली आहे, म्हणून आम्ही दोघांनी मिळून हे काम नीट नावारूपाला आणायचे ठरवले आहे. मी ३ लाख रुपये घालणार आहे आणि भाऊ १ लाख. जुनी पिकअप आणि हत्यारे घेण्यासाठी बँकेकडून ६ लाखांचे कर्ज काढायचे आहे, आणि अँगल-तार विकणारा व्यापारी ५ लाखांपर्यंत उधारी द्यायला तयार आहे. नफा अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा असे तोंडी ठरले आहे.

अडचण अशी आहे की इंदिरानगरचा फ्लॅट माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे व त्याचे गृहकर्ज अजून चालू आहे. भाऊच्या नावावर एका मोटरसायकलशिवाय काहीही नाही. उद्या काही विपरीत घडले तर फ्लॅटपर्यंत कोण पोहोचू शकेल, एवढाच माझा प्रश्न आहे. करात किती वाचेल हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवावा, ही विनंती.

कळवणकर
आपण शेतकरी उत्पादक कंपनी काढावी असे सुचवतो. आमच्या भागात दहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी कंपनी काढली आहे आणि तिला अवजारांसाठी अनुदानही मिळाले. भावाच्या नावावर सातबारा असेल तर प्रश्नच मिटला.

द्राक्षमांडव
कळवणकर दादा, धन्यवाद, पण आम्ही शेतमाल पिकवणारे नाही, शेतकऱ्यांना सेवा देणारे आहोत. शिवाय दहा सभासद कुठून आणू? भाऊच्या नावावर सातबाराही नाही.

निफाड_७७
माझ्या मते इतका विचार करण्याचे कारण नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, म्हणजे तुमच्या घरादाराला कोणी हात लावू शकणार नाही. ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थच तो आहे. कंपनी बुडाली तर तुमचे ३ लाख बुडतील, त्याच्या पुढे एक रुपयाही जाणार नाही.

सातपूरकर
निफाडकर, ही माहिती मी सहा वर्षांपूर्वी अशीच ऐकली होती आणि तिच्या भरवशावर कंपनी काढली होती. बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या करताना एका वेगळ्या कागदावर आम्हा दोन्ही संचालकांच्या व्यक्तिशः सह्या घेतल्या गेल्या. ती वैयक्तिक हमी होती. व्यवसाय मंदावला तेव्हा बँकेने कंपनीला पत्र पाठवले आणि त्याच दिवशी, त्याच मजकुराचे पत्र माझ्या घरच्या पत्त्यावरही पाठवले. तेव्हापासून माझे मत झाले आहे की लहान व्यवसायात कंपनी हा केवळ सीएंच्या फीचा आणि फॉर्मांचा खर्च आहे. बँक शेवटी तुम्हालाच धरते, मग साधी भागीदारी काय वाईट?

वसुलीचा_वकील
नाशिकच्या न्यायालयात गेली अनेक वर्षे मी मुख्यत्वे वसुलीचे दावे चालवतो, व्यापाऱ्यांकडून आणि पैसे थकवणाऱ्यांकडूनही. वरचे दोन्ही सद्गृहस्थ अर्धे बरोबर आहेत. निफाडकर हमीचा कागद विसरतात, तर सातपूरकर असे गृहीत धरतात की सगळी देणी बँकेचीच असतात. प्रश्नकर्त्याने तीन प्रकारांची तुलना करण्याआधी आपल्याकडे पैसे मागू शकणारी माणसे कोण आहेत ते मोजावे, कारण एकाच कंपनीचे संरक्षण एका देणेकऱ्यापुढे भिंतीसारखे असते आणि दुसऱ्यापुढे पडद्यासारखे.

आधी भागीदारीबद्दल लिहितो, कारण तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटते. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसोबत आणि एकटाही पूर्णपणे जबाबदार असतो. तुमचा नफा अर्धा ठरला म्हणून देणेही अर्धे, असे व्यापाऱ्याला सांगता येत नाही. तो संपूर्ण रक्कम ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याकडून, म्हणजे तुमच्याकडून, वसूल करू शकतो. भाऊच्या वाट्याचे पैसे नंतर भाऊकडून मागण्याचा हक्क तुम्हाला राहतो, पण त्याच्याकडे एक मोटरसायकल आहे हे आपणच लिहिले आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. प्रत्येक भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी असतो. भाऊने फर्मच्या नेहमीच्या व्यवसायासाठी उधारीवर तार उचलली, तर तुम्हाला विचारलेले नसले तरी ते देणे फर्मचे आणि म्हणून तुमचेही होते. ‘पन्नास हजारांपुढच्या खरेदीला दोघांच्या सह्या लागतील’ असे कलम भागीदारीपत्रात घातले की आपण सुरक्षित झालो असे अनेकांना वाटते. ते कलम तुमच्या दोघांत चालते. ज्या व्यापाऱ्याला ते ठाऊकच नव्हते, त्याच्या दाव्याला त्याने उत्तर मिळत नाही. म्हणून ज्या व्यापाऱ्यांशी व्यवहार आहे त्यांना ती मर्यादा पत्राने कळवून पोच घेतली, तरच तिचा बाहेर उपयोग होतो.

मंजिरी_हिशेबनीस
मी दोन लहान उद्योगांचे हिशेब लिहिते, म्हणून आकडे मांडल्याशिवाय मला काही कळत नाही. समजा पुढचा हंगाम वाईट गेला आणि काम बंद करावे लागले. बँकेच्या ६ लाखांपैकी ५ लाख बाकी आहेत. व्यापाऱ्याची उधारी पूर्ण ५ लाख थकली आहे. शिवाय एका बागायतदाराचा मांडव वादळात कोसळला आणि त्याने ४ लाखांची नुकसानभरपाई मागितली, जी न्यायालयाने मान्य केली. एकूण देणी १४ लाखांची झाली. पिकअप आणि हत्यारे विकून ३ लाख येतील, आणि त्यांवर बँकेचा बोजा असल्यामुळे ते बँकेलाच जातील. म्हणजे बँकेचे २ लाख, व्यापाऱ्याचे ५ लाख आणि बागायतदाराचे ४ लाख, असे ११ लाख उरतात. या ११ लाखांपैकी किती रक्कम त्यांच्या फ्लॅटच्या दारात येईल, हे वकील साहेबांनी प्रत्येक प्रकारात सांगावे.

वसुलीचा_वकील
ताई, प्रश्न अगदी नेमका मांडलात.

भागीदारीत सगळे ११ लाख येतील. भाऊकडून काही निघाले तर ते वजा, एवढेच.

प्रायव्हेट कंपनीत बँकेच्या २ लाखांसाठी दोघांनी वैयक्तिक हमी दिलेली असणार, आणि करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तेव्हा ते २ लाख येतील, तेही हमीदारांपैकी ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून. व्यापाऱ्याचे ५ लाख मात्र कंपनीचे देणे आहे, आणि तुम्ही त्याला स्वतंत्र हमी लिहून दिली नसेल तर ते कंपनीपाशीच थांबते. बागायतदाराचे ४ लाखही, करार कंपनीशी झालेला असेल आणि कोसळण्यात तुमची वैयक्तिक चूक किंवा फसवणूक नसेल, तर कंपनीपाशीच थांबतील. म्हणजे तुमचे घातलेले ३ लाख गेले आणि वर २ लाख भरावे लागले. ११ आणि २ यांतला फरक हीच कंपनीची किंमत आहे. सातपूरकरांना ती दिसली नाही, कारण त्यांच्याकडे बँकेशिवाय दुसरा मोठा देणेकरी नव्हता.

प्रोप्रायटरशिपमध्ये, तुम्ही मालक असाल तर, ११ लाखच येतील. कायद्याच्या दृष्टीने दुकानाचे नाव आणि तुम्ही यांत काही फरक नसतो. पण तिच्यात भागीदारीहून एक धोका कमी आहे. भाऊ तुमच्याकडे पगारावर किंवा कामाच्या ठेक्यावर असेल, तर तो भागीदाराच्या अंगभूत अधिकाराने तुम्हाला उधारीत बांधू शकत नाही.

निफाड_७७
वकील साहेब, मान्य करतो की हमीचा मुद्दा माझ्याकडून सुटला. पण मग सोपा उपाय हा आहे की फ्लॅटमधला आपला हिस्सा पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावा आणि मोकळे व्हावे. आमच्याकडे सगळे असेच करतात.

वसुलीचा_वकील
सगळे करतात आणि त्यातले काही माझ्या समोरच्या बाजूला येतात. देणेकऱ्यांना हुलकावणी देण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येते. व्यवसाय सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कोणतेही देणे नसताना, कुटुंबाच्या सोयीसाठी केलेले बक्षीसपत्र आणि व्यापाऱ्याची नोटीस आल्यावर महिनाभरात केलेले बक्षीसपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांच्या बाबतीत आज कर्जाची तयारी चालू असताना ते केले तर न्यायालय त्याकडे कसे पाहील, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय फ्लॅटवर गृहकर्जाचा बोजा आहे, म्हणून त्या बँकेच्या संमतीचा प्रश्नही आहेच. तूर्त एवढे लक्षात ठेवावे की फ्लॅटमधला पत्नीचा खरा हिस्सा, तिने कोणत्याही कागदावर सही केलेली नसेल तर, पतीच्या देण्यासाठी जात नाही. म्हणून व्यवसायाच्या कर्जाला सहकर्जदार किंवा हमीदार म्हणून पत्नीची सही मागितली गेली, तर ती देण्याआधी दहा वेळा विचार करावा.

सिडकोकर
माझ्या मामांची गोष्ट या धाग्याशी जुळते म्हणून लिहितो. ते आणि त्यांचा मित्र मिळून फॅब्रिकेशनचे काम करत. मामांना मधुमेहाचा त्रास वाढला, म्हणून त्यांनी फर्म सोडली. पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर निवृत्तीचा करार झाला, हिशेब चुकता झाला, पेढे वाटले गेले. दीड वर्षानंतर एका पत्र्याच्या पुरवठादाराची नोटीस आली, आणि त्यातली बिले मामा बाहेर पडल्यानंतरच्या तारखांची होती. पुरवठादाराचे म्हणणे असे की त्याला कोणी काही कळवलेच नाही, आणि फर्मच्या पाटीवर मामांचे आडनाव तसेच होते. शेवटी तडजोड होऊन मामांना बरीच रक्कम द्यावी लागली. स्टँप पेपरवरचा करार त्यांच्या कपाटात अजून आहे.

वसुलीचा_वकील
भागीदार निवृत्त झाल्याची जाहीर सूचना दिली जात नाही, तोवर जुन्या ओळखीच्या लोकांसाठी तो भागीदारच राहतो, असे भागीदारी कायद्याचे कलम ३२ सांगते. नोंदणीकृत फर्म असेल तर ही सूचना फर्मच्या निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. तो भागीदार होता हे ज्याला कधी माहीतच नव्हते, त्याला मात्र निवृत्त भागीदाराला धरता येत नाही. मामांच्या बाबतीत पाटीवरच्या आडनावाने तोही बचाव कमजोर केला असणार. जीएसटीचा नियम आणखी वेगळा आहे. तिथे निवृत्तीची माहिती एक महिन्याच्या आत खात्याला दिली नाही, तर माहिती पोहोचेपर्यंतची थकबाकी निवृत्त भागीदाराच्या अंगावर येऊ शकते.

द्राक्षमांडव
सिडकोकरांचा अनुभव वाचून मी सुन्न झालो. आता एक शंका आहे. भाऊला मी भागीदार न करता माझ्या प्रोप्रायटरशिपमध्ये कामावर घेतले आणि पगारासोबत नफ्याचा अर्धा वाटा दिला, तर नफा वाटून घेतल्यामुळे कायदा आम्हाला भागीदारच समजेल का?

वसुलीचा_वकील
केवळ नफ्यात वाटा दिल्यामुळे भागीदारी होत नाही. नोकराला किंवा पैसे उसने देणाऱ्यालाही नफ्यात वाटा असू शकतो. न्यायालय प्रत्यक्ष संबंध पाहते, म्हणजे तोटा कोण सोसतो, निर्णय कोण घेतो, बँकेचे खाते कोण चालवतो. पण तुमच्या आकड्यांत एक विसंगती आहे. भाऊ १ लाख रुपये घालतो, नफा अर्धा घेतो, कामे तोच आणतो आणि ग्राहकांशी तोच बोलतो. त्याला कागदावर नोकर म्हटले तरी चित्र भागीदारीचेच दिसते. त्याचे १ लाख रुपये कर्ज म्हणून वेगळे लिहून घेतले, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘भागीदार’ किंवा ‘संस्थापक’ असे काही छापले नाही आणि दरांचा अंतिम शब्द तुमचा राहिला, तर बाजू बळकट होते. भाऊला हे रुचेल का, हा कायद्याचा प्रश्न नाही.

ओझरचा_बागायतदार
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझी चार एकर बाग आहे आणि दोन वर्षांपूर्वी मी दीड एकरावर आच्छादन करून घेतले. काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे आगाऊ द्यावे लागतात. आता हे सगळे वाचून माझ्या मनात असे येते की समोरचा माणूस उद्या ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणून आला, त्या कंपनीत एकूण चार लाखांचे भांडवल आहे आणि माझी बाग कोसळली तर मी कोणाकडे जायचे? मी तर त्याला सांगेन की कंपनीचा शिक्का असू द्या, पण खाली तुमच्या स्वतःच्या नावानेही सही करा. आणि फळधारणेच्या ऐन दिवसांत मांडव आडवा झाला, तर ४ लाख हा आकडा मला मोठा वाटत नाही.

वसुलीचा_वकील
बागायतदार साहेब, आपण जे कराल तेच बँक करते, तेच शहाणा व्यापारीही करतो. कंपनीचे संरक्षण हे समोरच्याने मान्य केलेले संरक्षण असते, आणि मान्य करण्याआधी किंमत मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. प्रश्नकर्त्याने यातून एवढे घ्यावे की आपण ‘कंपनीतर्फे संचालक’ म्हणून सही करतो आहोत की स्वतःच्या नावाने, हे प्रत्येक कागदावर पाहावे. दुसरे असे की मांडव वाऱ्यात किती टिकेल याची तोंडी छातीठोक हमी शेतकऱ्याला देऊ नये. अशी हमी जाणूनबुजून खोटी दिल्याचे ठरले, तर ती देणाऱ्या माणसाला कंपनीच्या नावाआड लपता येत नाही.

सातपूरकर
मी माझे आधीचे विधान थोडे मागे घेतो, पण कंपनीच्या खर्चाबद्दल लिहिणे माझे कर्तव्य आहे. काम फार नसले तरी लेखापरीक्षण दरवर्षी करावेच लागते. ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेवर भरले नाही, तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढते आणि त्याला वरची मर्यादा नाही. भागभांडवलाचे पैसे जमा झाल्याचे घोषणापत्र कंपनी स्थापन झाल्यापासून १८० दिवसांच्या आत भरावे लागते, त्याआधी धंदा सुरू करता येत नाही किंवा कर्जही काढता येत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने कंपनी काढली, काम जमले नाही म्हणून विसरून गेला, आणि तीन वर्षे विवरणे न भरल्यामुळे पाच वर्षांसाठी संचालक होण्यास अपात्र ठरला. मला सीएंची फी, लेखापरीक्षण आणि फॉर्म मिळून वर्षाला साधारण ३० हजार रुपये लागतात. चार लाख भांडवलाच्या व्यवसायाला हे जड आहे, एवढेच म्हणायचे होते.

मंजिरी_हिशेबनीस
मग एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीचा, विचार का करू नये? तिच्यातही भागीदाराची जबाबदारी मर्यादित असते, आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत व भांडवल २५ लाखांपर्यंत असेल तर त्या कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचे नाही. विवरणे मात्र दरवर्षी भरावीच लागतात. पहिल्या दोन वर्षांत यांची उलाढाल ४० लाखांच्या आत राहील असा माझा अंदाज आहे.

वसुलीचा_वकील
ताईंचा मुद्दा योग्य आहे. वैयक्तिक जबाबदारीपुरते पाहिले तर तुमच्या उदाहरणात एलएलपीचे उत्तर कंपनीसारखेच येते, म्हणजे फ्लॅटच्या दारात बँकेचे २ लाख येतात, कारण हमी तिथेही मागितली जाते. भाऊने एलएलपीच्या नावाने केलेली उधारी तिथेही एलएलपीचीच असते. पुढे मोठा गुंतवणूकदार आणायचा असेल तर कंपनीच बरी पडते, पण इथे तसे काही दिसत नाही.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी कोणीही विचारलेली नाही. व्यापाऱ्याने उधारी देताना तुमच्याकडून सही केलेला कोरा धनादेश मागितला आहे का?

द्राक्षमांडव
होय. काल दुकानात गेलो होतो. व्यापाऱ्याने एक छापील उधारी फॉर्म दिला आणि म्हणाला, सही करा, दोन धनादेश द्या, उद्यापासून माल न्या. फॉर्म मी वाचायला घरी आणला आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असे वाक्य आहे: ‘खाली सही करणारा हा खरेदीदार संस्थेच्या सर्व थकबाकीस व्यक्तिशः व संस्थेसोबत संयुक्तपणे जबाबदार राहील.’ माझ्यासाठी हे वाक्य नवीन होते, पण त्यावर मी प्रश्न विचारताच काउंटरवरचा मुलगा म्हणाला की सगळेच सही करतात.

वसुलीचा_वकील
याच वाक्यासाठी मी विचारले. या वाक्याखाली सही केली की कंपनी असो वा एलएलपी, व्यापाऱ्याचे ५ लाख पुन्हा तुमच्या दारात येतात आणि ताईंच्या गणितातले २ लाख ७ होतात. ते वाक्य खोडून त्याशेजारी दोघांची अद्याक्षरे घ्यावीत, किंवा हमीची रक्कम आकड्याने मर्यादित करावी, उदाहरणार्थ १ लाखापर्यंत. सुरुवातीला उधारी २ लाखांची मिळाली तरी चालेल, पण अमर्याद हमी देऊ नये.

धनादेशांबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. कंपनीच्या खात्याचा धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ आणि १४१ खाली त्यावर सही करणाऱ्या संचालकाविरुद्ध फौजदारी तक्रार होते, आणि तिथे ‘देणे कंपनीचे आहे’ हे उत्तर पुरत नाही. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापारी नोटीस देतो, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, आणि तरीही पैसे न दिल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. तेव्हा तारणाचा धनादेश द्यावाच लागला तर रक्कम आणि कारण लिहून, त्याची पोच घेऊन द्यावा.

निफाड_७७
म्हणजे तारणाचा धनादेश म्हणून दिला तरी खटला होतो? आमच्या सीएंनी सांगितले होते की तारणाच्या धनादेशाला १३८ लागत नाही.

वसुलीचा_वकील
तो सादर केला त्या दिवशी तेवढे देणे खरोखर बाकी होते की नाही, याकडे न्यायालय पाहते. देणे बाकी असेल तर ‘तारणाचा होता’ हा बचाव सहसा पुरत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या कागदांवर बरेच अवलंबून असते, म्हणून याहून पुढे मी इथे लिहिणार नाही.

सिडकोकर
आणि मांडवावरून एखादा गडी पडला तर?

वसुलीचा_वकील
कामगार भरपाईची जबाबदारी मालकाची असते, मग ती कंपनी असो की तुम्ही स्वतः. भरपाईचा विमा काढणे प्रोप्रायटरशिपमध्ये जितके आवश्यक आहे तितकेच कंपनीतही आहे, कारण चार लाख भांडवलाची कंपनी मोठी भरपाई देऊ शकत नाही आणि मग सगळेच देणेकरी संचालकाची वैयक्तिक चूक शोधू लागतात. तुम्ही मुलांना दोराशिवाय वर चढवले आणि ते उघड झाले, तर ती चूक सापडेलही.

द्राक्षमांडव
सर्वांचे मनापासून आभार. रात्री भाऊशी दोन तास बोललो. नोकर म्हणून काम करायला तो तयार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही झालो नसतो. त्यामुळे साधी भागीदारी आणि प्रोप्रायटरशिप दोन्ही आम्ही बाजूला ठेवल्या आहेत, आणि एलएलपी की प्रायव्हेट कंपनी यावर शनिवारी सीएंना भेटणार आहोत. बँकेला हमी द्यावी लागेल हे मान्य केले आहे. व्यापाऱ्याकडे मात्र आज पुन्हा गेलो होतो आणि ते वाक्य खोडण्याची विनंती केली. त्यांनी उधारी ५ लाखांवरून दीड लाखावर आणली, पण वाक्य खोडले.

आता शेवटची एक अडचण सांगतो. भाऊने मोहाडीच्या दोन बागायतदारांकडून या आठवड्यात ७५-७५ हजार रुपये आगाऊ घेतले आहेत, आणि ते त्याच्या स्वतःच्या मोबाईलवरच्या क्यूआर कोडवर आले आहेत. पावती वहीच्या साध्या पानावर दिली आहे, आणि त्यावर त्याच्या नावाखाली माझेही नाव लिहिले आहे.

वसुलीचा_वकील
ती दोन कामे तुमची आणि भाऊची आहेत, पुढे निघणाऱ्या कंपनीची नाहीत, आणि त्या पावतीवरून तुम्ही दोघे भागीदार होता असे म्हणायला पुरेशी जागा आहे. ती कामे वैयक्तिक जबाबदारीवरच पूर्ण करून हिशेब मिटवावा. कंपनी किंवा एलएलपी नोंदल्यानंतर त्या दोन बागायतदारांशी नवा लेखी करार करून जुना संपवता येईल, पण तो त्यांच्या संमतीनेच, तुमच्या एकतर्फी पत्राने नाही. तिथून पुढे प्रत्येक बिलावर आणि पत्रावर कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता असावा, आणि क्यूआर कोड कंपनीच्याच खात्याचा असावा.

ओझरचा_बागायतदार
मोहाडीच्या त्या दोघांपैकी एक माझे व्याही निघाले, तर मी त्यांना ही पावती सांभाळून ठेवायला सांगणार आहे.

द्राक्षमांडव
दादा, सांगा, काही हरकत नाही. पंचवटीतल्या छापखान्यात भाऊच्या मोबाईल क्रमांकासह शंभर पानांचे बिलबुक छापायला दिले होते, ते आज सकाळी फोन करून थांबवले. छापखानेवाल्याने तेवढ्यात वीस पाने छापली होती, त्यांचे पैसे दिले.